मिलादची तारीख चंद्र दिसल्यावर ठरू द्या : कोल्हापूर जिल्ह्यातील शांतता समित्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा प्रशासन, पोलीस दल आणि कोल्हापूर शहर व तालुक्यांतील शांतता समित्यांचे सर्व सदस्य

सादर नमस्कार आणि सलाम.

सणांचे दिवस जवळ आले की आपल्या बैठका सुरू होतात. तालीम मंडळांचे कार्यकर्ते, मशिदींचे विश्वस्त, महापालिका, महावितरण, पोलीस असे सगळे एका टेबलाभोवती बसतात. कोल्हापूरला या बसण्याची सवय जुनी आहे. कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो, पीर-पंजांच्या मिरवणुकीत सगळ्या जातींची माणसं चालतात, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याला वाटत नाही. तरी दरवर्षी या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारताना आवाजात थोडी कटकट असते : "ईद-ए-मिलाद नक्की कधी? सरकारी यादीत एक तारीख, मौलाना दुसरी सांगतात, टीव्हीवर तिसरी. तुमच्यातच एकमत का नाही?"

मी एका शाळेत भूगोल शिकवते, आणि ज्या घरात हा दिवस साजरा होतो त्या घरात वाढले आहे. या प्रश्नाला "आमचं ठरलं की कळवतो" एवढंच उत्तर मिळतं, ते पुरेसं नाही असं मला मनापासून वाटतं. उत्तर नीट दिलं तर आपल्या बैठकीची रीतही थोडी बदलावी लागेल. म्हणून हे पत्र.

बैठकीत एका दमात विचारला जाणारा हा एक प्रश्न नाही, ते तीन प्रश्न आहेत. पैगंबर साहेबांचा जन्म रबीउल अव्वल महिन्याच्या कितव्या तारखेला झाला, हा पहिला. तो महिना यंदा कोणत्या दिवशी सुरू झाला, हा दुसरा. मिरवणूक कोणत्या दिवशी काढायची आणि सुट्टी कधी द्यायची, हा तिसरा. पहिला इतिहासाचा आहे, दुसरा आकाशाचा, तिसरा आपल्या सगळ्यांच्या सोयीचा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी माणसं देतात. त्यांची गल्लत झाली की "एकमत नाही" असं वाटायला लागतं.

आधी दुसरा प्रश्न घेते, कारण आपल्याला अडचण येते ती त्याचीच.

हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. आधीच्या महिन्याच्या २९ तारखेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला नवी कोर दिसली, तर त्याच संध्याकाळी नवा महिना लागतो. नाही दिसली तर ३० दिवस पुरे करायचे. रबीउल अव्वलच्या आधीचा महिना सफर. म्हणजे सफरच्या २९ तारखेची संध्याकाळ महत्त्वाची. त्या संध्याकाळी जे ठरतं त्यावर बारावा दिवस, म्हणजे मिलाद, अवलंबून असतो.

कोर दिसेल की नाही याचा अंदाज बांधायला आपल्या घरातलं पंचांगच पुरतं. अमावास्या संपण्याची जी वेळ पंचांगात छापलेली असते, तोच चंद्र आणि सूर्य एका रेषेत येण्याचा क्षण. तिथून पुढे चंद्राचं वय मोजायचं. वय पंधरा तासांहून कमी असेल तर नुसत्या डोळ्यांना कोर दिसणं जवळपास अशक्य. चोवीस तासांच्या पुढे गेलं आणि आकाश मोकळं असलं की सहसा दिसते. मधला पट्टा वादाचा.

२०२५ सालचं उदाहरण घेऊ. श्रावण अमावास्या २३ ऑगस्टला सकाळी ११ वाजून ३६ मिनिटांनी संपली. त्या दिवशी कोल्हापुरात सूर्य सातच्या थोडा आधी मावळला, तेव्हा चंद्राचं वय सव्वासात तास होतं. त्या संध्याकाळी भारतात कुणालाही कोर दिसणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, वय ३१ तासांवर गेलं. ढग नसतील तिथे कोर स्पष्ट दिसण्यासारखी होती. भारतात २५ ऑगस्टला रबीउल अव्वलची पहिली तारीख धरली गेली आणि बारावी ५ सप्टेंबरला आली.

सौदी अरेबियाच्या उम्म अल-कुरा या अधिकृत दिनदर्शिकेत मात्र त्याच महिन्याची पहिली तारीख २४ ऑगस्ट होती, म्हणजे बारावी ४ सप्टेंबर. ती दिनदर्शिका डोळ्यांनी पाहण्यावर चालत नाही. मक्केत सूर्यास्तापूर्वी अमावास्या संपली असेल आणि चंद्र सूर्यानंतर मावळत असेल, तर दुसरा दिवस महिन्याचा पहिला, असा तिचा नियम आहे. कोर कुणाला दिसते की नाही हा मुद्दाच तिथे नाही. उलट पाकिस्तान आणि बांगलादेशात बारावी ६ सप्टेंबरला झाली. एकाच महिन्याची बारावी तीन ठिकाणी तीन दिवशी, आणि तिन्ही ठिकाणचे लोक आपापल्या नियमाला धरूनच होते. टीव्हीवर आखाती देशांची बातमी पाहून "उद्याच आहे वाटतं" असा फोन करणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

मग भारतातही सौदीसारखं गणितच का नको, असं काहीजण विचारतात. विचारणं रास्त आहे. आपल्याच देशातला बोहरा समाज ठरलेल्या गणिती दिनदर्शिकेवर चालतो. त्यात महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे असतात, सफर नेहमी २९ दिवसांचा, आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या तारखा आज सांगता येतात. त्यांची बारावी सहसा आमच्याआधी एक-दोन दिवस येते. पण बहुसंख्य सुन्नी जमाती "चंद्र पाहून रोजे सुरू करा, चंद्र पाहून सोडा, ढग असले तर तीस पुरे करा" या हदीसला, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनाला, धरून आहेत आणि इतर महिन्यांनाही तीच रीत लावतात. ती बदलायची की नाही हा उलेमांचा विषय आहे, शांतता समितीचा नाही. गणिताचा एक उपयोग मात्र आजच होऊ शकतो, तो पुढे सांगते.

आता पहिला प्रश्न. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मतभेद आहे हे ऐकून काहींना त्यात कमीपणा वाटतो.

पैगंबर साहेबांचा जन्म सोमवारी झाला, यावर सहसा वाद नाही. सोमवारच्या रोजाबद्दल विचारलं तेव्हा "त्या दिवशी माझा जन्म झाला" असं त्यांनीच सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. वार पक्का, तारीख मात्र परंपरेतून आलेली. आठव्या शतकातले चरित्रकार इब्न इसहाक यांनी बारावी दिली आणि तीच जगभर रुजली. इतरांनी दुसरी, आठवी, नववी, दहावी अशाही तारखा नोंदवल्या. शिया परंपरेत सतरावी मानतात, आणि इमाम जाफर सादिक यांचा जन्मदिवसही त्याच तारखेला असतो. इराणमध्ये बारावी ते सतरावी हा आठवडाच एकतेचा म्हणून पाळला जातो. आपल्याकडे काही वडीलधारी माणसं या दिवसाला अजून बारावफात म्हणतात, कारण पैगंबर साहेबांचं निधनही बाराव्या तारखेलाच झालं अशी मान्यता आहे. काही जमाती हा दिवस सण म्हणून पाळतच नाहीत. पहिल्या पिढ्यांनी तो साजरा केला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याही मशिदी या जिल्ह्यात आहेत. बैठकीत त्यांच्याकडून मिरवणुकीचा तपशील मागितला जातो तेव्हा ते अवघडून बसतात.

हा मतभेद आजचा नाही, आणि पूर्वीच्या लोकांनी तो कसा सांभाळला ते पाहण्यासारखं आहे. आजच्या इराकमध्ये अर्बील नावाचं शहर आहे. तिथे मुझफ्फरुद्दीन गोकबुरी नावाचा राजा होऊन गेला, सुलतान सलाहुद्दीनचा मेहुणा. त्याचं निधन १२३३ साली झालं. मोठ्या प्रमाणावर जाहीर मिलाद साजरा करणाऱ्या पहिल्या सुन्नी राजांपैकी तो एक. बगदाद, मोसूलपासून विद्वान, सूफी आणि कवी त्यासाठी अर्बीलला येत. इब्न खल्लिकान हा चरित्रलेखक त्याच शहरात जन्मलेला. त्याने लिहून ठेवलं आहे की, तारखेबद्दल मतभेद असल्यामुळे हा राजा एका वर्षी मिलाद आठव्या तारखेला करायचा आणि दुसऱ्या वर्षी बाराव्या. राजा होता, फर्मान काढून एक तारीख पक्की करू शकला असता. त्याने दोन्ही मतांना जागा दिली. आपल्या बैठकीत "एकदाच काय ते ठरवून टाका" असं कुणी म्हणालं की मला अर्बीलची आठवण येते.

एकोणिसाव्या शतकात इजिप्तचे खगोलशास्त्रज्ञ महमूद पाशा फलकी यांनी हा प्रश्न गणिताने सोडवायचा प्रयत्न केला. त्यांची वाट मला शिक्षक म्हणून फार आवडते. पैगंबर साहेबांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी मदिनेत सूर्यग्रहण झालं होतं. लोक म्हणू लागले, मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. पैगंबर साहेबांनी ते तिथल्या तिथे खोडून काढलं : सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हं आहेत, कुणाच्या जन्म-मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, आणि हे ग्रहण २७ जानेवारी ६३२ चं, हे आज गणिताने सांगता येतं. फलकींनी तो दिवस खुंटीसारखा धरला आणि अमावास्या मोजत मोजत ६१ वर्षं मागे गेले. ५७१ सालच्या रबीउल अव्वलमध्ये सोमवार बाराव्या तारखेला येत नाही, नवव्या तारखेला येतो, असं त्यांना दिसलं. तो दिवस २० एप्रिल ५७१. उर्दूतले मोठे चरित्रकार शिबली नोमानी यांनी हा निष्कर्ष स्वीकारला.

मग सगळे नवव्या तारखेला का गेले नाहीत? कारण या मोजणीच्या दोन जागा कच्च्या आहेत. जन्माचं साल ५७० की ५७१, इथूनच मतं वेगळी होतात. शिवाय इस्लामपूर्व अरबस्तानात ऋतूंशी मेळ घालण्यासाठी मधूनमधून जादा महिना धरत, आपल्या अधिक मासासारखा. ती चाल पुढे कुरआनाने बंद केली. पण त्याआधी कोणत्या वर्षी किती महिने वाढवले, याची खात्रीची नोंद नाही. त्यामुळे मागे मोजत गेलं तर आपण ज्याला रबीउल अव्वल म्हणतो तोच महिना त्या लोकांचा रबीउल अव्वल होता, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून लोक बाराव्या तारखेवर राहिले. शेकडो वर्षं लोकांनी ज्या दिवशी सलाम पढला तो दिवस त्यांना प्रिय आहे, आणि मलाही.

अधिक मासावरून आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबर, २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबर. लागोपाठ तीन वर्षं असं का झालं, हे बैठकीत कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. दोन्ही सण एकाच चंद्राचे आहेत. त्या तीन वर्षांत भाद्रपद आणि रबीउल अव्वल बरोबरीने चालले होते, म्हणून शुद्ध पक्षाची चतुर्दशी आणि आमची बारावी शेजारी-शेजारी आल्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि भाद्रपद महिनाभर पुढे सरकला. हिजरी सनात अधिक महिना नसतो, त्यामुळे मिलाद मागे श्रावणात गेला. आता हे दोन सण पुन्हा इतके जवळ यायला साधारण तीस वर्षं लागतील.

त्या तीन वर्षांत मुंबईतल्या जमातींनी विसर्जनाला वाट मोकळी राहावी म्हणून आपली मिरवणूक पुढे नेली. सरकारनेही २०२३ मध्ये २९ सप्टेंबरला सुट्टी दिली. मुंबईतली सुट्टी २०२४ मध्ये १८ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला नेली. निर्णय समंजसपणाचा होता. पण बातम्यांत आणि फलकांवर "ईद पुढे ढकलली" असं आलं, ते चुकीचं. मिलाद त्याच दिवशी झाला. मशिदीत सलाम त्याच पहाटे पढला गेला, घरात नियाज त्याच दिवशी झाली. पुढे गेली ती मिरवणूक. प्रशासनाच्या परिपत्रकात हा फरक शब्दांत दिसायला हवा. एरवी लोकांना वाटतं की ज्याची तारीख सोयीने हलवता येते, ती दरवर्षी हलवायला काय हरकत आहे. शिवाय इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे बारावीची रात्र आदल्या संध्याकाळपासूनच. रोषणाईची परवानगी आणि बंदोबस्त त्या संध्याकाळपासून लागतो, दुसऱ्या दिवशी सकाळपासून नव्हे.

आता येत्या ऑगस्टचं. सरकारी यादीत ईद-ए-मिलाद २६ ऑगस्ट २०२६, बुधवार अशी आहे. दीप अमावास्या १२ ऑगस्टला रात्री ११ वाजून ७ मिनिटांनी संपते. त्याच सुमारास स्पेन, आइसलंड भागात खग्रास सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे ते दिसणार नाही. १३ ऑगस्टला कोल्हापुरात सूर्य मावळेल तेव्हा चंद्राचं वय वीस तासांना थोडं कमी असेल. आधी ज्याला वादाचा पट्टा म्हटलं, ते हेच. कोर सूर्यानंतर जेमतेम अर्धा तास क्षितिजावर राहील, खूप खाली आणि खूप बारीक. स्वच्छ आकाश आणि मोकळं क्षितिज असेल तिथे सराईत नजरेला कदाचित दिसेल. श्रावणातल्या कोल्हापुरी ढगांतून दिसण्याची आशा कमीच. १३ ऑगस्टला सफरची २९ तारीख असेल आणि देशात कुठून खात्रीची शहादत, म्हणजे चंद्र पाहिल्याची साक्ष, आली, तर बारावी २५ ऑगस्टला येईल. नाही आली तर २६ ऑगस्टला. १४ ऑगस्टला वय ४३ तासांच्या पुढे असेल, तेव्हा पुढचा प्रश्नच नाही.

म्हणून माझं पहिलं मागणं असं की नियोजनाच्या कागदावर "२५ किंवा २६ ऑगस्ट, चंद्रदर्शनानुसार" असं लिहावं आणि अंतिम बैठक १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर घ्यावी. रमजान ईदची तारीख आदल्या रात्री कळते, तेव्हा धावपळ अटळ असते. मिलाद बाराव्या दिवशी येतो. चंद्राचा निर्णय झाल्यावर आपल्या हातात दहा-अकरा दिवस राहतात. मिरवणुकीचा मार्ग, वाहतुकीतला बदल, दसरा चौकातली व्यवस्था या सगळ्याला एवढे दिवस पुरतात. महिनाभर आधी एक तारीख लिहून घेऊन नंतर ती बदलली की दोष जमातीवर येतो, हे थांबायला हवं. शाळांच्या चाचणी परीक्षांच्या वेळापत्रकातही २५ आणि २६ दोन्ही दिवस मोकळे ठेवावेत.

दुसरं मागणं चंद्रदर्शनाचा निर्णय देणाऱ्या हिलाल कमिट्यांकडे आहे, आणि ते मी आपल्याच माणसांकडे करते आहे. १३ तारखेला कुणी शहादत द्यायला आला तर त्याला चार साध्या गोष्टी विचाराव्यात : कोर कुठून पाहिली, सूर्य मावळून किती मिनिटं झाली होती, क्षितिजापासून किती उंच होती, उजळलेली बाजू कुठल्या दिशेला होती. कोरीची उजळ बाजू नेहमी मावळलेल्या सूर्याकडे असते. त्या संध्याकाळी ती फार उंचावर दिसली किंवा सूर्यास्तानंतर तासाभराने दिसली असं कुणी सांगितलं, तर त्याने प्रामाणिकपणे ढगाची कड किंवा विमानाचा माग पाहिला असेल, चंद्र नव्हे. गणिताने शहादतीची जागा घ्यावी असं मी म्हणत नाही, पण अशक्य शहादत ओळखायला त्याची मदत जरूर घ्यावी. आपल्या शहरात विद्यापीठ आहे, आकाशनिरीक्षण करणारी मुलं आहेत. त्यांना बोलावलं तर ती आनंदाने येतील. माझ्या शाळेची मुलं तर येणारच आहेत.

तिसरं मागणं बैठकीतल्या सगळ्यांकडे. शिया कुटुंबाने सतराव्या तारखेला मजलिसची परवानगी मागितली, किंवा एखाद्या मशिदीने "आम्ही मिरवणूक काढत नाही" असं कळवलं, तर त्यांना "बाकीच्यांशी जुळवून घ्या" असं सांगू नये. अर्ज घ्यावा, तारीख लिहावी, एवढं पुरे.

बैठक १५ ऑगस्टनंतर कोणत्या दिवशी घ्यायची ते कळवावं. १३ आणि १४ ऑगस्टच्या सूर्यास्ताच्या वेळा, चंद्र कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर असेल याचा तक्ता मी करून देते. समितीने तो सर्व मशिदींना आणि पोलीस ठाण्यांना पाठवावा, ही विनंती.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका
कोल्हापूर